चौदा हजारांचा तोटा, चोपन्न हजारांचा वाढावा

तालुक्याच्या गावात अभ्यासिका चालवणारा एक ट्रस्ट डोळ्यांसमोर आणा. जागा भाड्याची आणि सत्तर मुलांची बसायची सोय. शेल्फांवर स्पर्धा परीक्षांची पुस्तके, पगारावर एक ग्रंथपाल आणि एक मदतनीस. एप्रिलमधल्या सभेत कोषाध्यक्ष वर्षाचा जमा-खर्च वाचतात आणि कागद खाली ठेवत म्हणतात, "वर्षाच्या सुरुवातीला बासष्ट हजार होते, आता अठ्ठेचाळीस उरलेत. चौदा हजारांचा तोटा आहे. फी वाढवावी लागेल." सगळे माना डोलावतात.

हे उदाहरण मी बेतलेले आहे आणि आकडेही सोयीचे घेतले आहेत. सभा मात्र बेतलेली नाही, ती मी निरनिराळ्या गावांत पुष्कळदा ऐकली आहे. कोषाध्यक्षांची बेरीज-वजाबाकी बिनचूक असते. फक्त त्यांच्या हातातल्या कागदाला नफा-तोट्याचा प्रश्न विचारायचा नसतो, कारण तो कागद रोकड वहीचा गोषवारा आहे. गल्ल्यात किती आले, किती गेले आणि किती उरले, एवढेच त्याला ठाऊक असते. वर्षभरात संस्थेने कमावले किती आणि खर्ची घातले किती, हे सांगणारा कागद वेगळा. पुस्तकी भाषेत पहिल्याला प्राप्ती व शोधन खाते म्हणतात आणि दुसऱ्याला उत्पन्न व खर्च खाते. पहिल्यावरून दुसरे कसे उतरवायचे, ते याच अभ्यासिकेच्या २०२४-२५ च्या हिशेबावरून पाहू.

महाराष्ट्रात ही केवळ हौस नाही. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आधी मुंबईच्या नावाने होता, आता महाराष्ट्राच्या नावाने आहे. त्याखालच्या नियमांत ताळेबंदाचा नमुना शेड्यूल आठमध्ये आणि उत्पन्न-खर्चाचा शेड्यूल नऊमध्ये दिलेला आहे. ऑडिटर धर्मादाय कार्यालयाला सादर करतो ते याच नमुन्यांत. शेड्यूल नऊ एकदा नीट पाहावे. त्यात भाडे आणि व्याज या ओळींपाशी 'येणे झालेले' आणि 'हाती आलेले' असे दोन्ही प्रकार छापलेले आहेत. कमावणे आणि हातात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही कबुली त्या नमुन्यातच आहे.

कोषाध्यक्षांचा कागद असा होता:

| जमा | रुपये | खर्च | रुपये |
|---|---|---|---|
| आरंभीची शिल्लक | ६२,००० | पगार | २,०३,००० |
| अभ्यासिका फी | ३,१८,००० | वीजबिल | ६६,००० |
| देणग्या | १,४०,००० | जागाभाडे | १,१७,००० |
| कायम निधीसाठी देणगी | १,००,००० | वर्तमानपत्रे, मासिके | २१,००० |
| ठेवीवरील व्याज | ५०,४०० | छपाई व किरकोळ | ८,००० |
| बचत खात्याचे व्याज | ३,६०० | ऑडिट फी | ५,००० |
| रद्दी विक्री | २,००० | पुस्तके | ४८,००० |
| | | टेबल-खुर्च्या | ६०,००० |
| | | नवी मुदत ठेव | १,००,००० |
| | | अखेरची शिल्लक | ४८,००० |
| एकूण | ६,७६,००० | एकूण | ६,७६,००० |

पेन हातात घ्यायच्या आधी गतवर्षीचा ताळेबंद समोर हवा. तो नसेल तर पुढचे काम अंदाजपंचे होते. ३१ मार्च २०२४ ला कोणाकडून काय येणे होते आणि कोणाचे काय देणे होते, ते त्यातच असते. आपल्या अभ्यासिकेचे तेव्हा मुलांकडून ९,००० फी येणे होते आणि १५,००० फी आगाऊ आलेली होती. देण्यांत मार्चचा पगार १६,०००, मार्चचे वीजबिल ४,५०० आणि ऑडिटरचे ५,००० होते. मालमत्तेत आठ लाखांची ठेव, दीड लाखाचे फर्निचर आणि एक लाख वीस हजारांची पुस्तके होती.

आता जमा-खर्चातल्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे. पहिला: हा पैसा याच वर्षाचा आहे का? दुसरा: हा पैसा वर्षात वापरून संपणाऱ्या कामाचा आहे, की पुढेही टिकणाऱ्या गोष्टीचा? पहिल्या प्रश्नाने आकडा कमी-जास्त होतो. दुसऱ्याने अख्खी ओळच खात्यातून उठून ताळेबंदात जाते. आरंभीच्या आणि अखेरच्या शिल्लकेला मात्र काही विचारायचे नाही. त्या दोन्ही ओळी उत्पन्न-खर्चात येतच नाहीत. आरंभीची शिल्लक मागच्या वर्षांची पुंजी आहे, तिला यंदाची कमाई कसे म्हणणार? तरी ती उत्पन्नात धरलेले कागद मी पाहिले आहेत.

आधी दुसरा प्रश्न घेऊ, त्याने पसारा लगेच आवरतो.

कायम निधीची एक लाखाची देणगी ही त्यातली पहिली ओळ. गावातल्या एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ ती दिली आणि सोबत पत्र दिले की रक्कम कायम ठेवावी आणि तिच्या व्याजातून अभ्यासिका चालवावी. हे पत्र महत्त्वाचे. रक्कम मूळ निधीत जमा करण्याचा देणगीदाराचा स्पष्ट निर्देश असेल, तरच ती उत्पन्नाबाहेर ठेवता येते. या हिशेबाच्या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ११(१)(ड) चा सारा भर त्या निर्देशावर आहे. विश्वस्तांनी मागाहून ठराव करून "ही रक्कम आपण कायम निधीत टाकू" म्हटले तर ते चालत नाही. इच्छा देणाऱ्याची लागते, घेणाऱ्याची पुरत नाही. इथे पत्र आहे, म्हणून लाख रुपये थेट ताळेबंदातल्या मूळ निधीत गेले. आठ लाखांचा निधी नऊ लाख झाला.

त्याच लाखाची दुसऱ्या बँकेत ठेव केली, ती जमा-खर्चात खर्चाच्या बाजूला दिसते. पण तो खर्च नव्हे, पैशाने नुसते घर बदलले. तीही ताळेबंदात. उलट दिशेची चूक जास्त महाग पडते. ठेव मोडून पैसे बचत खात्यात आले की ते जमेला दिसतात आणि घाईत उत्पन्नात चढतात. ठेव दरवर्षी मोडून नवी करण्याची सवय असलेल्या एका संस्थेत मी हे पाहिले होते. कागदोपत्री तिचे उत्पन्न खऱ्याच्या तिप्पट झाले होते.

टेबल-खुर्च्या साठ हजारांच्या आणि पुस्तके अठ्ठेचाळीस हजारांची. दोन्ही गोष्टी पुढची काही वर्षे कामी येणार, म्हणून पूर्ण रक्कम यंदाच्या खर्चात घ्यायची नाही. घ्यायची ती फक्त यंदाची झीज, म्हणजे घसारा. फर्निचरवर हा ट्रस्ट उरलेल्या किमतीवर दहा टक्के घसारा लावतो. दीड लाखावर १५,००० झाले. नव्या खुर्च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला आल्या, म्हणून त्यांच्यावर सहा महिन्यांचे ३,०००. पुस्तकांसाठी विश्वस्तांनी वीस टक्के ठरवले आहेत, कारण स्पर्धा परीक्षेचे पुस्तक अभ्यासक्रम बदलला की रद्दीत जाते. जुन्या एक लाख वीस हजारांवर २४,००० झाले. नवी पुस्तके वर्षभर थोडी-थोडी आली, म्हणून त्यांच्यावर सरासरी अर्ध्या वर्षाचे ४,८००. असा एकूण घसारा ४६,८०० रुपये. जमा-खर्चात या रकमेचा मागमूसही नाही, कारण घसाऱ्याचा चेक कोणी फाडत नाही.

वर्तमानपत्रे आणि मासिके मात्र सरळ खर्च. महिनाअखेरीस त्यांचीच रद्दी होते आणि तिचे दोन हजार तेवढेच सरळ उत्पन्न. जुने टेबल विकले असते तर गोष्ट वेगळी होती. मग विक्रीची रक्कम आधी टेबलाच्या वहीतल्या किमतीशी ताडायची आणि नुसता फरक नफा किंवा तोटा म्हणून खात्यात आणायचा.

आता पहिला प्रश्न: पैसा कोणत्या वर्षाचा? यात फी सर्वांत जास्त वेळ घेते, आणि तेवढा वेळ तिला द्यावाच.

वर्षात हाती आलेली फी ३,१८,०००. तिच्यातले ९,००० गतवर्षीच्या थकबाकीचे. ते गेल्या वर्षीच उत्पन्नात धरले होते, म्हणून वजा. मार्चमध्ये काही मुलांनी एप्रिल ते जूनची फी एकदम भरली, ती २४,०००. तीही वजा, कारण त्या बदल्यात अभ्यासिकेने अजून एक दिवसही दिवे लावलेले नाहीत. ते २४,००० ताळेबंदात देणे म्हणून उभे राहतात. देणे पैशाचे नाही, सेवेचे. आता जोडायचे काय? गतवर्षी आगाऊ आलेले १५,०००. त्यांची सेवा यंदा दिली, म्हणून ती यंदाची कमाई. आणि ३१ मार्च २०२५ ला येणे असलेली फी. शेवटी आकडा येतो ३,१२,०००.

ही येणे फी जमा-खर्चात सापडणार नाही. तिच्यासाठी मुलांचे रजिस्टर उघडावे लागते. या ट्रस्टच्या रजिस्टरात १७,००० थकलेले दिसत होते. ग्रंथपालांना विचारले तेव्हा कळले की त्यातल्या पाच हजारांची मुले केव्हाच अभ्यासिका सोडून पुण्याला गेली आहेत. ते पैसे येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होते, पण रजिस्टरात कोणी काट मारली नव्हती. म्हणून येणे धरले १२,०००. अशा वेळी मी एप्रिल-मे महिन्यांचे पावतीपुस्तक चाळतो. मार्चची थकबाकी खरोखर कोणी भरली ते तिथे दिसते. जो आकडा कधीच वसूल होणार नाही, तो उत्पन्नात घालून वाढावा फुगवण्यात कोणाचे भले आहे?

आकडा पटतो का, हेही लगेच पाहून घ्यावे. महिन्याची फी चारशे आणि जागा सत्तर. सगळ्या जागा बाराही महिने भरल्या तरी फी ३,३६,००० च्या वर जाणार नाही. आपले ३,१२,००० म्हणजे सरासरी पासष्ट जागा भरलेल्या. अभ्यासिका पाहिलेल्या माणसाला हे पटते. आकडा साडेतीन लाख आला असता, तर थकबाकी दोनदा धरली असावी असा संशय घ्यायचा.

व्याजात वेगळीच गंमत आहे. जुन्या आठ लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी ५६,००० व्याज झाले, ते तिमाहीला बचत खात्यात येते. पासबुकात मात्र ५०,४०० च दिसतात, कारण बँकेने दहा टक्के म्हणजे ५,६०० टीडीएस कापला. रोकड वही लिहिणाऱ्याने पासबुकात आले तेवढे लिहिले, त्याचे काही चुकले नाही. उत्पन्न मात्र ५६,००० च. कापलेले ५,६०० हरवलेले नाहीत. ते आयकर खात्याकडे ट्रस्टच्या नावे जमा आहेत आणि विवरणपत्र भरून परत मागायचे आहेत. म्हणून ते ताळेबंदात येणे. त्या वर्षाचा फॉर्म २६एएस काढून आकडा जुळवावा. कित्येक लहान ट्रस्ट हा टीडीएस वर्षानुवर्षे मागतच नाहीत, कारण त्यांच्या हिशेबात तो कधी दिसतच नाही.

नवी एक लाखाची ठेव १ जानेवारी २०२५ ला केली. तिचे व्याज मुदतीअखेर मिळणार, म्हणून पासबुकात काहीच नाही. तरी तीन महिन्यांचे १,७५० रुपये ३१ मार्चपर्यंत कमावून झाले. (बँक दिवस मोजते, म्हणून पाच-पंचवीस रुपयांचा फरक पडू शकतो. बँकेकडून व्याजाचा दाखला मागवून त्यातला आकडा घ्यावा.) ठेवींचे एकूण व्याज झाले ५७,७५०. बचत खात्याचे ३,६०० आणि साध्या देणग्यांचे १,४०,००० जसेच्या तसे आले. या देणग्यांना कसली अट नव्हती. एखाद्याने "यातून फक्त पुस्तके घ्या" म्हणून दिले असते, तर ती रक्कम वेगळ्या निधीत ठेवून तिचा खर्च त्या निधीतून दाखवावा लागला असता.

खर्चाच्या बाजूला पहिल्या प्रश्नाचे काम सोपे आहे. पगार महिना संपल्यावर पुढच्या महिन्यात दिला जातो. म्हणून वर्षात दिलेल्या २,०३,००० मध्ये मार्च २०२४ चे १६,००० आहेत आणि मार्च २०२५ चे १७,००० नाहीत. एक काढून दुसरे घातले की २,०४,००० होतात. दरमहा सतरा हजारांचे बारा महिने, म्हणजे आकडा बरोबर. विजेचेही तसेच. जुन्या मार्चचे ४,५०० काढले, नव्या मार्चचे ६,००० घातले, झाले ६७,५००. इथे बिलाच्या तारखेवर जायचे नाही. एप्रिलमध्ये आलेले बिल मार्चमधल्या पंख्यांचे असते, म्हणून बिलावरचा वापराचा कालावधी पाहायचा. भाडे महिना नऊ हजार, पण दिलेत १,१७,०००, म्हणजे तेरा महिन्यांचे. घरमालकाने मार्चअखेर एप्रिलचे भाडे मागून घेतले होते. खर्चात बारा महिन्यांचे १,०८,००० घ्यायचे आणि उरलेले नऊ हजार ताळेबंदात आगाऊ दिलेले म्हणून ठेवायचे. ऑडिट फीचे पाच हजार गतवर्षीचे, म्हणून ते बाहेर. यंदाचे सहा हजार अजून द्यायचे आहेत, ते आत.

हे सगळे मांडताना एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. जमा-खर्चात जमा डावीकडे असते. उत्पन्न-खर्चात उत्पन्न उजवीकडे जाते आणि खर्च डावीकडे येतो. जमा-खर्च हा मुळात रोकडीच्या खात्याचा गोषवारा आहे आणि रोकड आली की ती डाव्या बाजूला लिहितात. उत्पन्न-खर्च मात्र धंद्याच्या नफा-तोटा खात्याच्या जातीचे. म्हणून बाजू उलटतात. ओळी नुसत्या डावीकडच्या डावीकडे उतरवल्या तर खाते उलटे होते.

आता बेरीज. उत्पन्न: फी ३,१२,०००, देणग्या १,४०,०००, ठेवींचे व्याज ५७,७५०, बचत खात्याचे ३,६०० आणि रद्दीचे २,०००. एकूण ५,१५,३५०. खर्च: पगार २,०४,०००, वीज ६७,५००, भाडे १,०८,०००, वर्तमानपत्रे २१,०००, छपाई व किरकोळ ८,०००, ऑडिट ६,००० आणि घसारा ४६,८००. एकूण ४,६१,३००. वाढावा ५४,०५० रुपये.

कोषाध्यक्षांना हे सांगितले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग ते चोपन्न हजार आहेत कुठे? बँकेत तर चौदा हजार कमी झालेत!" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रुपयापर्यंत देता आले पाहिजे. ते देता येणे हीच या साऱ्या कामाची खरी परीक्षा, म्हणून मी ते नेहमी कागदावर लिहून दाखवतो.

चोपन्न हजार पन्नासपासून निघायचे. त्यात घसाऱ्याचे ४६,८०० मिळवायचे, कारण तो खर्च झाला तरी पैसा गेला नाही. झाले १,००,८५०. कायम निधीचा लाख आला आणि लगेच ठेवीत गेला, म्हणून आकडा तोच राहिला. फर्निचर आणि पुस्तकांवर १,०८,००० गेले, म्हणजे आता उणे ७,१५०. टीडीएसमध्ये अडकलेले ५,६०० आणि हाती न आलेले व्याज १,७५० वजा करा, उणे १४,५००. फी मात्र कमाईपेक्षा सहा हजार जास्त आली, म्हणून उणे ८,५००. पगार, वीज आणि ऑडिट यांत यंदाच्या खर्चापेक्षा अनुक्रमे १,०००, १,५०० आणि १,००० कमी पैसे गेले, म्हणून उणे ५,०००. शेवटी एप्रिलचे आगाऊ भाडे ९,००० गेले. उणे १४,०००. बासष्ट वजा चौदा, अठ्ठेचाळीस. बँकेत तेवढेच आहेत.

म्हणजे अभ्यासिका तोट्यात नव्हती. तिने वर्षाच्या कमाईतून आणि थोडे गाठीचे घालून लाखावर रुपयांचे सामान घेतले होते. फी वाढवायची का हा प्रश्न त्यानंतरही उरतो, पण तो आता वेगळ्या आकड्यावरून विचारायचा. वाढाव्यात देणग्यांचे १,४०,००० आहेत. देणग्या वगळल्या तर फी, व्याज आणि रद्दी मिळून खर्च भागत नाही, ८५,९५० कमी पडतात. सभेत बोलायचे तर याच्यावर.

दुसरा पडताळा ताळेबंदाचा. गतवर्षीच्या ताळेबंदात साठलेला वाढावा ३,००,५०० होता. यंदाचा मिळवून तो ३,५४,५५० झाला. त्यात मूळ निधी नऊ लाख आणि देणी ५३,००० मिळवली की १३,०७,५५० होतात. दुसरीकडे नऊ लाखांच्या ठेवी, घसारा वजा जाता १,९२,००० चे फर्निचर आणि १,३९,२०० ची पुस्तके, बँकेतले ४८,०००, येणे फी, आगाऊ भाडे, टीडीएस आणि येणे व्याज यांची बेरीज करा. तीही १३,०७,५५० येते. न आल्यास "किरकोळ फरक" अशी ओळ घालून जुळवू नये. फरकाचा आकडा निम्मा करून पाहावा. तेवढ्याच रकमेची एखादी नोंद सापडली, तर ती बहुधा उलट बाजूला पडलेली असते.

दुसऱ्या कोणी केलेले रूपांतर हातात आले तर मी बेरजा तपासायच्या आधी दोन जागी नजर टाकतो. वाढावा आणि रोख शिल्लकेतला फरक रुपयाला रुपया सारखा आहे का? असला तर रूपांतर झालेलेच नाही, नुसते शीर्षक बदलले आहे. आणि ताळेबंदात 'येणे उत्पन्न' व 'खर्चाची देणी' या जागा कोऱ्या आहेत का? पगार पुढच्या महिन्यात देणाऱ्या संस्थेत निदान दुसरी जागा कोरी असूच शकत नाही. काही लहान ट्रस्ट जाणूनबुजून रोख पद्धतीनेच उत्पन्न-खर्च मांडतात. तेव्हा पहिला प्रश्न गळतो, दुसरा मात्र राहतोच. अशा संस्थेने निदान पद्धत दरवर्षी बदलू नये, नाहीतर मधल्या वर्षी कोणती तरी फी दोनदा धरली जाते किंवा एकदाही नाही.

खाते तयार झाले म्हणून जमा-खर्च फेकायचा नाही, आयकराला तो लागतो. ट्रस्टने उत्पन्नाचे पंचाऐंशी टक्के आपल्या उद्दिष्टांवर खर्च केले की नाही, हे मोजताना २०२२ च्या वित्त कायद्यापासून खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच धरला जातो. म्हणजे मार्चचा न दिलेला पगार आपल्या खात्यात यंदाचा खर्च आहे आणि आयकराच्या मोजणीत पुढच्या वर्षाचा. उलट साठ हजारांचे फर्निचर आपल्या खात्यात खर्च नाही, पण त्या मोजणीत ते पूर्ण धरता येते. मग त्याच फर्निचरवरचा घसारा तिथे पुन्हा धरता येत नाही, हा दुहेरी लाभ २०१४ च्या दुरुस्तीने बंद झाला. सीएकडे दोन्ही कागद द्यावे लागतात ते यामुळे.

आणि एक काम ३१ मार्चला नव्हे, १ एप्रिलला करायचे. नव्या रोकड वहीच्या पहिल्या पानावर, शिल्लक लिहायच्या आधी, पेन्सिलीने एक यादी लिहायची: येणे फी १२,०००, आगाऊ फी २४,०००, मार्चचा पगार १७,०००, वीज ६,०००, ऑडिट ६,०००, एप्रिलचे भाडे दिलेले ९,०००, टीडीएस ५,६००, येणे व्याज १,७५०. यातली रक्कम आली किंवा दिली गेली की तिच्यासमोर पान क्रमांक टाकायचा. पुढच्या मार्चला ज्या ओळीसमोर क्रमांक नसेल, तिची चौकशी सर्वांत आधी.